दीर्घकालीन जतनासाठी फाइल फॉरमॅटची निवड

दस्तऐवज किंवा छायाचित्र ज्या सॉफ्टवेअरने तयार झाले ते काही दशकांनी हाताशी नसले, तरी फाइल उघडावी, मूळ रूपात दिसावी आणि तिच्यातला मजकूर शोधता यावा, यासाठी तिची अंतर्गत रचना (फॉरमॅट) विचारपूर्वक ठरवण्याची अभिलेखागारांतील पद्धत. डिस्क, टेप इ. साधनांच्या टिकाऊपणाचा प्रश्न यापासून वेगळा आहे. डिस्क शाबूत असूनही फाइल निरुपयोगी ठरू शकते आणि मराठी डिजिटल साहित्याच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे.

निकष व मतभेद. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने फॉरमॅट पारखण्यासाठी सात निकष मांडले आहेत. फॉरमॅटची रचना जाहीर आहे का, तो किती ठिकाणी वापरला जातो, साध्या साधनांनी त्याचा उलगडा होतो का, फाइल स्वतःची माहिती स्वतःत बाळगते का, ती बाहेरच्या कशावर अवलंबून आहे, पेटंटची आडकाठी आहे का आणि उघडण्यावर कुलूपबंदी आहे का, असे त्यांचे स्वरूप आहे. व्यवहारात पहिले दोन निकष बहुतेक निर्णय करून टाकतात. मराठीपुरता मात्र पाचवा, म्हणजे बाह्य अवलंबनाचा निकष सर्वांत कळीचा ठरतो.

फॉरमॅट कालबाह्य होण्याचा धोका खरोखर किती, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. जेफ रोथेनबर्ग यांनी १९९५ मध्ये असे मांडले, की मूळ सॉफ्टवेअर गेले की फाइलचा अर्थही जातो, म्हणून जुन्या संगणकाचे वातावरणच नव्या यंत्रावर उभे करण्याची सोय हवी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड रोझेंथल यांनी २०१० च्या सुमारास याला हरकत घेतली. वेबच्या प्रसारानंतर सर्वदूर पोहोचलेले फॉरमॅट वाचणारी मुक्त सॉफ्टवेअर टिकून राहतात आणि असा फॉरमॅट मेल्याची उदाहरणे सापडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. जेपेग, टिफ, पीडीएफ यांच्याबाबत आजवरचा अनुभव रोझेंथल यांच्या बाजूचा आहे. मराठी डीटीपीच्या फाइलींबाबत मात्र रोथेनबर्ग यांची भीती अधिक खरी ठरली असे म्हणावे लागते.

फाँट-सांकेतिकरणाचा प्रश्न. संगणकावरील मराठी अक्षरजुळणी साधारणतः १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुजली असे मानतात. पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचा तीत मोठा वाटा होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संहिता होती (भारतीय मानक १३१९४, १९९१) आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. त्यामुळे इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये नेणे हे बव्हंशी यांत्रिक काम आहे.

अडचण इस्कीची नाही. पेजमेकरसारख्या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट वापरात आले. कृतिदेव ०१० या अशा फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये `ejkBh` असा साठवलेला असतो. तो ‘मराठी’ दिसतो तो केवळ फाँटमुळे. श्रीलिपी, आकृती आणि सी-डॅकचे डीव्ही-टीटी मालिकेतील फाँट यांची सांकेतिक मांडणी वेगवेगळी आहे. मूळ फाँट हरवला की फाइल उघडते, पण कागदावर रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. म्हणून अशा फाइलीसोबत फाँटची फाइल जपणे हे जतनाचे पहिले काम समजावे.

युनिकोडमध्ये रूपांतर करताना अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही. ‘कि’ हा `fd` असा, म्हणजे वेलांटी आधी व ‘क’ नंतर असा साठवलेला असतो. युनिकोडमध्ये व्यंजन आधी येते. ‘कर्म’ हा `deZ` असा असतो. त्यातला शेवटचा रफार उचलून ‘म’च्या आधी न्यावा लागतो आणि जोडाक्षर असल्यास पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावा लागतो. खास मराठी अडचण ‘ऱ्य’ची आहे. फाँटमध्ये या अर्ध्या ‘र’ला स्वतंत्र चिन्ह असते. रूपांतर करणाऱ्या कोष्टकाने ते साध्या पायमोडक्या ‘र’वर नेले, तर ‘आचाऱ्यास’ (स्वयंपाक्यास) याचे ‘आचार्यास’ (गुरूस) होते. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणीत ही चूक सापडत नाही. हिंदीसाठी बनवलेली रूपांतरके मराठीवर चालवताना ही तपासणी मुद्दाम करावी.

पीडीएफ/ए व तिच्या मर्यादा. दस्तऐवजांच्या जतनासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून पीडीएफ/ए मान्य आहे (आयएसओ १९००५). पहिला भाग २००५ चा असून तो पीडीएफ १.४ वर आधारित आहे. दुसरा २०११, तिसरा २०१२ आणि चौथा २०२० मध्ये आला. मजकुराला लागणारा प्रत्येक फाँट फाइलच्या आत असावा आणि कूटबद्धता नसावी या अटी महत्त्वाच्या. तिसऱ्या भागात पीडीएफच्या पोटात कोणतीही दुसरी फाइल ठेवण्याची मुभा आहे.

अनुपालनाच्या पातळ्यांकडे दुर्लक्ष होते. ‘बी’ पातळी फक्त दिसण्याची हमी देते. दुसऱ्या भागापासून आलेली ‘यू’ पातळी प्रत्येक अक्षरचिन्हाला युनिकोड मूल्य हवे म्हणते, तर ‘ए’ पातळीत त्याशिवाय परिच्छेद, मथळे अशी रचनाही नोंदवावी लागते. जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या नियतकालिकाच्या अंकाची ‘बी’ पातळीची पीडीएफ डोळ्यांना निर्दोष दिसते, पण तिच्यात ‘मराठी’ शोधल्यास काहीच मिळत नाही. ‘यू’ पातळीनेही हा प्रश्न सुटत नाही. तिथे `e` या चिन्हाला रोमन ‘ई’चे मूल्य दिलेले असते. मूल्य आहे म्हणून अट पूर्ण होते आणि व्हेरापीडीएफ हे तपासणी-सॉफ्टवेअर फाइल वैध ठरवते. ते मूल्य देवनागरीचे नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. वैधतेच्या प्रमाणपत्रावर विसंबणाऱ्या संग्रहांनी हे ध्यानात घ्यावे.

युनिकोड फाँटमधून बनवलेल्या पीडीएफमध्येही चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठवली गेल्यास मजकूर काढताना वेलांटी जागा सोडते. खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे पॉप्लर या मुक्त सॉफ्टवेअरमधील पुढील दोन आज्ञा :

```
pdffonts ank.pdf
pdftotext ank.pdf ank.txt
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `emb` या रकान्यात सर्वत्र `yes` हवे. दुसरीने निघालेली फाइल उघडून एखादा परिच्छेद छापील पानाशी ताडून पाहावा. ऱ्हस्व वेलांटीचे, रफाराचे आणि ‘ऱ्य’चे शब्द आधी पाहावेत.

एक उदाहरण. १९९८ च्या एखाद्या दिवाळी अंकाची पेजमेकर ६.५ मधील फाइल जपायची आहे असे समजू. पेजमेकरची शेवटची आवृत्ती (७.०) २००१ ची. अशा फाइली थेट उघडण्याची सोय इनडिझाइन या नंतरच्या मांडणी-सॉफ्टवेअरच्या सीएस६ आवृत्तीपर्यंत होती, पुढे ती काढण्यात आली. प्रथम `.p65` फाइल, तिला जोडलेली चित्रे आणि फाँट यांची न बदललेली प्रत बाजूला ठेवावी. नंतर जुन्या विंडोजच्या आभासी यंत्रावर अंक उघडून, फाँट आत घेऊन पीडीएफ काढावी व ती पीडीएफ/ए-२बी मध्ये न्यावी. ही प्रत अंकाचे रूप जपते. काही फाँटमध्ये ‘आत घेण्यास मनाई’ अशी खूण असते. तशा वेळी छापील अंक स्कॅन करणे हाच स्वच्छ मार्ग उरतो.

मजकुराची प्रत वेगळी करावी. प्रत्येक लेख पेजमेकरमधून काढून, फाँटनुसार योग्य कोष्टक लावून युनिकोडमध्ये आणावा आणि यूटीएफ-८ मधील साधा मजकूर किंवा ओडीटी (आयएसओ/आयईसी २६३००) म्हणून ठेवावा. एकाच लेखात इंग्रजी शब्द खऱ्या रोमन फाँटमध्ये असतील तर सरसकट रूपांतरात तेही देवनागरी होऊन बसतात, म्हणून फाँटची माहिती टिकेल अशा आरटीएफमधून रूपांतर करणे बरे. शेवटी मूळ फाइल, पीडीएफ/ए आणि मजकूर या तिन्हींचे चेकसम, म्हणजे फाइल पुढे बदलली का हे ओळखण्यासाठी तिच्यावरून काढलेले आकडे, नोंदवून त्या एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. तिन्हींपैकी एकच ठेवायची वेळ आली, तर शब्दांसाठी मजकुराची आणि मांडणीसाठी पीडीएफची निवड करावी. मूळ फाइल एकटी ठेवणे सर्वांत धोक्याचे.

छायाचित्रे व स्कॅन. स्कॅन केलेल्या प्रतिमेसाठी टिफ (ऑल्डस कंपनी, १९८६, आवृत्ती ६.०, १९९२) हा रूढ फॉरमॅट आहे. ए-४ आकाराचे पान ४०० पीपीआयवर, म्हणजे इंचाला ४०० ठिपके धरून, २४ बिट रंगांत घेतल्यास संक्षेपाविना सुमारे ४६ एमबी होते, ३०० पीपीआयवर सुमारे २६ एमबी. ३०० पानांचे पुस्तक या दुसऱ्या हिशेबानेही ८ जीबीच्या जवळ जाते. जागेसाठी अनेक ग्रंथालयांनी जेपेग २००० स्वीकारला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वृत्तपत्र प्रकल्पात दोन्ही मागवतात. संक्षेप न केलेल्या टिफमधील चित्राच्या भागात एक बिट बिघडला तर एकच ठिपका बिघडतो, साध्या जेपेगमध्ये तिथून पुढचा मोठा पट्टा विस्कटू शकतो. लहान संस्थेसाठी टिफ अधिक निर्धास्त आहे.

कॅमेऱ्यातूनच जेपेग म्हणून निघालेले छायाचित्र टिफमध्ये नेऊन काही मिळत नाही, गेलेला तपशील परत येत नाही. ती फाइल न उघडता-साठवता जशीच्या तशी ठेवावी, कारण संपादन करून पुन्हा जेपेग केल्यास तपशील आणखी घटतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत आक्रसलेली असते आणि तिच्यातून तारीख व कॅमेऱ्याची नोंदही गेलेली असते. कौटुंबिक संग्रहासाठी मूळ फाइल मागून घ्यावी, निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे.

कागदपत्रांच्या कृष्णधवल स्कॅनमध्ये जेबिग२ या संक्षेपाचा तोटा होणारा प्रकार टाळावा. तो सारखी दिसणारी अक्षरे एकच समजून एकाच्या जागी दुसरे बसवतो. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की काही झेरॉक्स स्कॅनरमधून निघालेल्या प्रतींत ६ चा ८ झालेला होता आणि तो आकडा अगदी स्वच्छ दिसत होता. सातबारा, खातेवही, जन्मनोंद अशा आकड्यांच्या कागदांसाठी टिफमधील ग्रुप ४ हा तोटा न होणारा संक्षेप किंवा करड्या छटांतील स्कॅन वापरावा. पीडीएफ/एचे नियम जेबिग२ ला परवानगी देतात, त्यामुळे स्कॅनरच्या सेटिंगमध्येच हे पाहून घ्यावे लागते.