'गॉट स्टोलन' आणि 'वॉज स्टोलन' : इंग्रजीतील 'गेट'-कर्मणी

इंग्रजी कर्मणी प्रयोगात क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाआधी बहुधा 'बी'चे रूप येते : 'माय बाइक वॉज स्टोलन'. अनौपचारिक बोलण्यात त्याच जागी 'गेट'ही चालते : 'माय बाइक गॉट स्टोलन'. या दुसऱ्या रचनेला 'गेट'-कर्मणी म्हणतात. सरावाच्या पुस्तकांत दोन्ही वाक्ये सहसा शेजारी छापलेली असतात आणि 'गॉट' म्हणजे 'वॉज'चेच घरगुती रूप, असा शेरा असतो. शेरा खोटा नाही, पण अपुरा आहे. कोणत्या वाक्यात अदलाबदल चालते आणि कोणत्या वाक्यात अर्थच पालटतो, हे त्यातून कळत नाही.

फरकाचे मूळ 'बी'च्या दुहेरी कामात आहे. 'द विंडो वॉज ब्रोकन' या वाक्याचे दोन अर्थ होतात. कोणीतरी खिडकी फोडली, ही घटना. किंवा आम्ही पाहिली तेव्हा खिडकी फुटलेली होती, ही अवस्था. 'गेट' मात्र बदल दाखवणारे क्रियापद आहे. 'द विंडो गॉट ब्रोकन' म्हटले की खिडकी आधी धड होती आणि मग फुटली, एवढाच अर्थ उरतो. मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. 'फुटली' आणि 'फुटलेली होती' यांत आपण कधी गोंधळत नाही. इंग्रजीतले 'वॉज' दोन्ही पोटात घेते म्हणून गोंधळ होतो.

'स्टोलन'च्या बाबतीत हे सर्वांत स्वच्छ दिसते. 'द कार ही वॉज ड्रायव्हिंग वॉज स्टोलन' याचा सरळ अर्थ, तो चालवत होता ती गाडी चोरीची होती. आता फक्त 'वॉज स्टोलन'च्या जागी 'गॉट स्टोलन' ठेवा. वाक्य व्याकरणाने बरोबरच राहते, पण आता त्याचा अर्थ होतो की तो वापरत होता ती गाडी चोरीला गेली. पहिल्या वाक्यात चालकावर संशय येतो, दुसऱ्यात तोच नाडला गेलेला असतो. 'चोरीची असणे' आणि 'चोरीला जाणे' एवढे दोन शब्दप्रयोग मनाशी धरले तर या जोडीसाठी वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

एक अनौपचारिक सराव सोडवून पाहू. मित्राला पाठवलेल्या निरोपातली वाक्ये आहेत आणि रिकाम्या जागी 'वॉज' किंवा 'गॉट' भरायचे आहे. पहिले वाक्य : 'माय बाइक … स्टोलन लास्ट नाइट.' 'काल रात्री' या शब्दांनी घटना पक्की केली, म्हणून दोन्ही चालतात. मित्राशी बोलताना 'गॉट' सहज येईल, तक्रार अर्जात 'वॉज' हवे. दुसरे : 'द शेड … लॉक्ड व्हेन आय वेंट टु बेड.' झोपायला जाताना शेडला कुलूप होते असे सांगायचे असेल तर 'वॉज'च हवे. 'गॉट' घातले तर मी झोपायला गेलो त्याच सुमारास कोणीतरी कुलूप लावले, असा अर्थ निघतो. तिसरे : 'द थीफ … नोन टु एव्हरीवन.' इथे फक्त 'वॉज'. ठाऊक असणे ही टिकणारी स्थिती आहे, अमुक क्षणी घडणारी गोष्ट नाही. 'नो', 'बिलीव्ह', 'ओन' अशी क्रियापदे एरवी 'गेट'शी जुळत नाहीत.

चौथे वाक्य प्रश्नार्थी आहे आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. 'वॉज एनीथिंग एल्स टेकन?' बरोबर आहे, म्हणून त्याच साच्यात 'गॉट एनीथिंग एल्स टेकन?' लिहिले जाते. ते चूक आहे. 'बी' साहाय्यक क्रियापद असल्यामुळे स्वतः पुढे सरकून प्रश्न करते. 'गेट' मुख्य क्रियापदासारखे वागते आणि त्याला 'डू'चा आधार लागतो : 'डिड एनीथिंग एल्स गेट टेकन?' नकारातही तसेच, 'वॉजन्ट टेकन' पण 'डिडन्ट गेट टेकन'. 'डिड' आले की 'गॉट' परत 'गेट' होते, हे घाईत सुटते. 'वॉज गॉट स्टोलन' अशी दोन्हींची खिचडीही वहीत सापडते. एका वेळी एकच घ्यावे.

याहून फसवी चूक म्हणजे 'आय गॉट माय बाइक स्टोलन'. लिहिणाऱ्याच्या मनात 'माझी सायकल चोरीला गेली' हेच असते. पण 'आय गॉट माय हेअर कट' म्हणजे मी केस कापून घेतले. त्याच साच्यात बसल्यामुळे या वाक्याचा 'मी माझी सायकल चोरवून घेतली' असाही अर्थ निघू शकतो. अर्थात नुकसान सोसावे लागले या अर्थानेही इंग्रजीभाषक ही रचना वापरतात, विशेषतः 'हॅड माय बाइक स्टोलन' अशी. शिकणाऱ्याने वस्तूलाच कर्ता करणे सुरक्षित.

घटनेपलीकडे 'गेट'ला आणखी एक छटा आहे. ते बहुधा अशा ठिकाणी येते जिथे कर्त्याचे काही बिघडले किंवा साधले : 'गॉट फायर्ड', 'गॉट कॉट', 'गॉट प्रमोटेड'. कधी त्यात कर्त्याचाही थोडा हात सुचवलेला असतो. 'ही वॉज अरेस्टेड' ही कोरडी बातमी. 'ही गॉट अरेस्टेड' ऐकणाऱ्याला वाटू शकते की गड्याने काहीतरी उपद्व्याप केला असणार. 'ही गॉट हिमसेल्फ अरेस्टेड' म्हटले की ही शंका जवळपास उघड होते. मात्र हा कल आहे, नियम नाही. सायकल काही स्वतःहून चोरीला जात नाही. रेंगाळलेले काम एकदाचे उरकले, हेही 'गेट' छान सांगते : 'द रिपोर्ट फायनली गॉट फिनिश्ड'. उलट 'द ब्रिज वॉज बिल्ट इन 1890' अशा निव्वळ माहितीच्या वाक्यात 'गॉट' विचित्र वाटते, कारण तिथे कोणाचे बरेवाईट झालेले नसते. 'बाय'ने करणाऱ्याचे नाव जोडणेही 'गेट'सोबत चालते, पण कमी आढळते.

'गॉट ड्रेस्ड', 'गॉट लॉस्ट', 'गॉट टायर्ड' यांना कर्मणी समजून उलटवायला देणारे सराव मात्र सदोष म्हणावे लागतील. 'गॉट ड्रेस्ड' म्हणजे त्याने स्वतःच कपडे घातले; दुसऱ्या कोणी त्याला घातले असा कर्तरी मूळ त्यामागे शोधण्यात अर्थ नाही.

वापराचे प्रमाणही ध्यानात असावे. 'गेट'-कर्मणी बोलीतली असली तरी बोलण्यातसुद्धा 'बी' तिच्यापेक्षा कितीतरी अधिक येते. म्हणून सहज वाटावे या हौसेने प्रत्येक 'वॉज' खोडून 'गॉट' केलेला परिच्छेद इंग्रजीभाषकाच्या कानाला उलट कृत्रिम लागतो. पूर्णकाळात अमेरिकेत 'हॅज गॉटन स्टोलन' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'हॅज गॉट स्टोलन'. उत्तरपत्रिका तपासताना दोन्हींना बरोबरची खूण द्यावी.