कार्यक्षम बाजाराचं गृहीतक: घरातला कापूस आणि एक उणे भाव

सेमिनारमध्ये कार्यक्षम बाजाराचा, म्हणजे उपलब्ध माहिती भावात आधीच आलेली असते या म्हणण्याचा, विषय निघाला की जळगाव-धुळ्याची मुलं हटकून २०२२-२३ च्या कापसाचं उदाहरण देतात. त्याआधीच्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला होता. पुढच्या दिवाळीत व्यापारी दारात आला, तेव्हा चोपडा तालुक्यातल्या माझ्या मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. साडेआठ हजार भाव त्यांना अपमानासारखा वाटला. चाळीस क्विंटल कापूस पुढच्या खोलीत, छताला टेकेपर्यंत भरला होता. मार्चपासून घरातल्या लेकरांना खाज सुटू लागली, तरी मामांचं एकच पालुपद होतं: "दहा बघितलेत, दहाला विकेन." शेवटी जूनमध्ये पेरणीला पैसा हवा म्हणून कापूस सात हजारांना गेला. साठ हजार गेले, शिवाय वाळून वजनही घटलं.

मुलं म्हणतात, बघा सर, माणूस विवेकाने वागत नाही, म्हणजे बाजार कार्यक्षम नाही. या 'म्हणजे'मध्येच सगळी गफलत आहे आणि ती कळायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात १९०० सालची. लुई बाशेलिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसच्या शेअरबाजारावर प्रबंध लिहिला. भाव पुढे वर जाईल की खाली, यावर पैज लावणाऱ्याची सरासरी कमाई शून्य, असं त्याचं म्हणणं होतं. पन्नासेक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९५३ मध्ये मॉरिस केंडॉल यांनी ब्रिटनमधल्या शेअरांच्या आणि अमेरिकेतल्या गहू-कापसाच्या भावांच्या मालिका तपासल्या. त्यांत आवर्तनं सापडतील अशी अपेक्षा होती, पण कालच्या चालीवरून उद्याची चाल सांगता येईल असं जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. १९६५ मध्ये पॉल सॅम्युएलसन यांनी कारण मांडलं: जे आधीच ठाऊक आहे ते भावात आलेलं असतं, म्हणून भाव हलतो तो फक्त नव्या बातमीने, आणि खरी नवी बातमी आधी सांगता येत नाही.

शिकागोच्या युजीन फामा यांनी १९७० च्या लेखात या साऱ्याची मांडणी केली. भावात 'कोणती' माहिती आलेली असते, या एकाच प्रश्नाची तीन उत्तरं म्हणजे तीन रूपं. आपण वर्गात वीक, सेमी-स्ट्राँग, स्ट्राँग म्हणतो तीच. दुर्बल रूप म्हणतं, जुने भाव आलेले असतात, तेव्हा चार्ट बघून जादा कमाई होणार नाही. अर्धप्रबळ रूप म्हणतं, जाहीर झालेली सगळी माहिती आलेली असते. याची गाजलेली परीक्षा फामा आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये घेतली. त्यांनी न्यूयॉर्कच्या बाजारातली १९२७ ते १९५९ मधली ९४० शेअर-विभाजनं, म्हणजे एका शेअरचे अनेक शेअर करण्याचे प्रसंग, पाहिली. विभाजनाआधी भाव चढलेले होते, नंतर सरासरी चाल सपाट. बातमी भावात मुरून गेली होती, उशिरा येणाऱ्याला काही उरलं नव्हतं. प्रबळ रूप तर म्हणतं की कंपनीच्या आतल्या माणसाची गुपितंही भावात असतात. हे रूप टिकणारं नाही, हे फामांनी त्याच लेखात जवळजवळ मान्य केलं होतं. आपल्याकडे सेबीला इनसायडर ट्रेडिंगविरुद्ध नियम करावे लागतात, ते आतल्या माहितीवर पैसा मिळतो म्हणूनच.

आता मामांकडे परत येऊ. त्यांनी काय केलं? गेल्या हंगामाच्या भावावरून या हंगामाचा अंदाज बांधला आणि त्यात नुकसान सोसलं. दुर्बल रूप नेमकं हेच सांगतं. त्यांचा हट्ट गृहीतकाविरुद्ध पुरावा नाही, उलट त्याच्याच बाजूची साक्ष आहे. न्यूयॉर्कच्या वायद्यात मे २०२२ मध्ये पौंडाला दीड डॉलर पाहिलेला कापूस ऑक्टोबरअखेर निम्म्यावर आला होता. ही माहिती जाहीर होती. खोलीत कापूस रचून ठेवल्याने भाव थांबला नाही.

मामांच्या वागण्याला नाव मात्र आहे. १९७९ मध्ये डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी दाखवलं की माणूस नफा-तोटा एका संदर्भबिंदूपासून मोजतो आणि तोटा त्याला तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त सलतो. मामांचा बिंदू दहा हजारांवर रुतला होता, म्हणून साडेआठ हजारही तोटा वाटला. शेअरबाजारात हेच टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये एका ब्रोकरकडच्या दहा हजार खात्यांत मोजलं. विकता आले असते अशा नफ्यांपैकी लोकांनी १४.८ टक्के विकून मोकळे केले, तर तोट्यांपैकी फक्त ९.८ टक्के. आणि नफ्यात विकलेले शेअर पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त चालले.

कार्यक्षमतावाद्यांचं उत्तर तयार होतं. माणसं चुकू देत, हुशार पैसा त्यांच्या विरुद्ध सौदा करून भाव जागेवर आणतो. त्यामुळे कानमन, ओडीन यांच्या वाटेने जाणाऱ्या वर्तनवाद्यांना माणूस चुकतो एवढं दाखवून भागत नव्हतं. भाव चुकतो, आणि हुशार पैसा तो सुधारू शकत नाही, हे दाखवायला हवं होतं.

तसं प्रकरण २ मार्च २००० ला मिळालं. अमेरिकेतल्या थ्रीकॉम कंपनीने आपल्या पाम या उपकंपनीचे सुमारे ५ टक्के शेअर बाजारात विकले. उरलेले शेअर काही महिन्यांत थ्रीकॉमच्याच भागधारकांना वाटायचे ठरले होते, एका शेअरमागे पामचे साधारण दीड. पहिल्या दिवशी पाम ९५ डॉलरवर बंद झाला. दीडपट केली तर १४२ होतात. म्हणजे थ्रीकॉमचा शेअर किमान १४२ चा हवा. तो ८२ च्या खाली बंद झाला. बाजाराच्या मते थ्रीकॉमच्या बाकी धंद्याची किंमत शेअरमागे उणे साठ डॉलर होती, आणि त्या कंपनीकडे शेअरमागे दहाएक डॉलर रोकडच होती. पोतं दोन हजारांचं आणि त्यातला कापूस काढून घेतला तर साडेतीन हजारांचा, असा हा प्रकार. शेअरची किंमत शून्याखाली जाऊच शकत नाही, त्यामुळे इथे 'खरी किंमत' कोणती यावर वादालाही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हे गणित छापून आलं, तरी उणे किंमत सुमारे दोन महिने टिकली. चूक सुधारायची तर पामचा शेअर उसना घेऊन विकायचा आणि थ्रीकॉम घ्यायचा. पण बाजारात पामचे मोजकेच शेअर आलेले. उसने मिळणं अवघड, मिळाले तर महाग, आणि उसनवार परत मागितली गेली तर सौदा मध्येच मोडायचा. पामवर भाळलेल्यांना थ्रीकॉममधून तोच शेअर स्वस्तात मिळतोय, हे बघायचंही नव्हतं. ओवेन लॅमंट आणि रिचर्ड थेलर यांनी २००३ च्या लेखात या प्रकरणाचा हिशेब मांडला.

सेमिनारमध्ये याच टप्प्यावर वाद रंगावा असं मला वाटतं, कारण हा पुरावा दोन्ही बाजूंना वापरता येतो. भाव उघड चुकीचा होता, हा वर्तनवाद्यांचा विजय. पण ती चूक दिसत असूनही फारसं कुणाला सहज पैसे काढता आले नाहीत, आणि 'जादा कमाई फुकट मिळत नाही' हे तर फामांचंच म्हणणं. शिवाय फामांची जुनी हरकत उरतेच: बहुतेक शेअरांत भाव चुकीचा म्हणायचा तर आधी बरोबर भाव ठरवायचं मॉडेल लागतं, आणि निकाल विपरीत आला तर बाजार चुकला की मॉडेल, हे वेगळं काढता येत नाही. पाममध्ये मॉडेलची गरज पडली नाही, म्हणून ते विरळा. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल फामांना आणि त्यांचे कडवे टीकाकार रॉबर्ट शिलर यांना, लार्स हॅन्सन यांच्यासह, एकत्रच मिळालं.