विलंब शुल्क, दैनिक वाढीचे

ठरलेल्या तारखेनंतर उशिराच्या प्रत्येक दिवसागणिक वाढणारी, बहुधा पहिले काही दिवस माफ असणारी आणि एका कमाल रकमेला येऊन थांबणारी आकारणी. ग्रंथालये, बँका आणि कर विभाग या तिन्ही ठिकाणी ती आढळते. दर, सवलतीचे दिवस आणि कमाल मर्यादा हे तिचे तीन घटक. दराबद्दल सहसा वाद होत नाहीत. सवलतीचे दिवस नेमके कसे मोजायचे, यावर मात्र रक्कम कित्येक पटींनी बदलते आणि नियमावलीत बहुधा तेच लिहिलेले नसते.

सवलतीचे दिवस. हुंडी आणि वचनचिठ्ठीला मिळणारे तीन दिवस हे या सवलतीचे सर्वांत परिचित जुने रूप. व्यापाऱ्यांच्या रूढीतून आलेली ही सवलत १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २२ मध्ये स्थिरावली. मागणी करताच देय असणारे दस्तऐवज त्यातून वगळलेले आहेत. इंग्लंडने ही सवलत १९७१ च्या कायद्याने काढून टाकली. भारतात ती राहिली. येथे तीन दिवस मिळवल्यावर देय तारीखच पुढे सरकते, त्यामुळे उशीर नव्या तारखेपासून मोजला जातो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांतील तीन दिवस वेगळ्या जातीचे आहेत. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय विलंब आकार लावता येत नाही. पण एकदा तो लागू झाला की दिवसांची मोजणी मूळ देय तारखेपासूनच होते. म्हणजे येथे सवलत हा उंबरठा आहे. तो ओलांडला की मागचे दिवसही हिशेबात येतात. व्याख्येत या दोन्हींना एकच नाव दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या दोन वेगळ्या तरतुदी मानणेच योग्य.

ग्रंथालयातील मोजणी. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि भारतातील अनेक महाविद्यालयांत वापरली जाणारी ‘कोहा’ ही मुक्त संगणक प्रणाली हा भेद एका कळीवर सोडते. `FinesIncludeGracePeriod` चालू असेल तर सवलत उंबरठ्यासारखी वागते, बंद असेल तर वजावटीसारखी:

```
days <= grace      : fine = 0
Include            : fine = min(cap, rate * days)
Don't include      : fine = min(cap, rate * (days - grace))
```

समजा, पुस्तक परत करण्याची तारीख सोमवार, ६ जानेवारी २०२५ आहे. दर दिवसाला २ रुपये, सवलत ३ दिवस, कमाल मर्यादा ६० रुपये. गुरुवारी, ९ तारखेला, पुस्तक आले तर दोन्ही पद्धतींत दंड शून्य. शुक्रवारी आले तर उंबरठा पद्धतीने चार दिवसांचे ८ रुपये, वजावट पद्धतीने एका दिवसाचे २ रुपये. एकाच सभासदाला एकाच दिवशी चौपट फरक पडतो. देवघेवीच्या खिडकीवर होणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच चौथ्या दिवसात सापडते. वाचकाने ‘तीन दिवस माफ’ असे ऐकलेले असते आणि पावतीवर चार दिवस दिसतात.

दुसरी गाठ सुट्ट्यांची. `finesCalendar` ही मांडणी ग्रंथालय बंद असलेले दिवस वगळायचे की सगळे धरायचे हे ठरवते. पुस्तक सोमवारी, १३ जानेवारीला, आले तर दिनदर्शिकेने सात दिवस झाले. रविवार वगळला तर सहा. उंबरठा पद्धतीत दंड १४ किंवा १२ रुपये, वजावटीत ८ किंवा ६. लक्षात घेण्याजोगे असे की कोहामध्ये बंद दिवस आधी गाळले जातात आणि मग उरलेल्या दिवसांची सवलतीशी तुलना होते. म्हणून सलग सुट्ट्यांच्या काळात तीन दिवसांची सवलत प्रत्यक्षात आठवडाभरही पुरू शकते. सुट्ट्या प्रणालीत नोंदवायच्याच राहून गेल्या, तर दिवाळीतले दिवसही वाचकाच्या माथी बसतात. बंद दाराच्या काळाचा दंड घेणे न्याय्य म्हणता येत नाही, त्यामुळे वर्षारंभी सुट्ट्या भरून घेणे हे ग्रंथपालाचे पहिले काम ठरते.

दंडाची रक्कम रोज रात्री `fines.pl` हा कार्यक्रम वाढवतो. तो बंद पडला तर थकलेल्या पुस्तकांच्या यादीत पुस्तक दिसते, पण सभासदाच्या खात्यावर दंड चढत नाही. या दोन नोंदी ताडून पाहिल्या की बिघाड लगेच कळतो.

कमाल मर्यादा. वरील उदाहरणात रविवारखेरीज सुट्टी नाही असे धरले, तर उंबरठा पद्धतीत ६० रुपयांची मर्यादा तिसाव्या कामाच्या दिवशी, म्हणजे १० फेब्रुवारीला गाठली जाते; वजावट पद्धतीत १३ फेब्रुवारीला. त्यानंतर पुस्तक उद्या आणले काय किंवा वर्षभराने आणले काय, दंड तेवढाच. म्हणून मर्यादा गाठलेले पुस्तक काही काळाने ‘हरवलेले’ धरून त्याची किंमत मागण्याची तरतूद सोबत लागते. मर्यादा दर पुस्तकामागे असते, हेही विसरले जाते: पाच पुस्तकांचे ३०० रुपये होतात. पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त दंड होऊ नये अशी दुसरी मर्यादाही कोहात आहे. परंतु नोंदीत किंमतच भरलेली नसेल, तर ती निमूट निष्क्रिय राहते. देणगीत आलेल्या पुस्तकांबाबत हा धोका अधिक.

वाढत्या देण्याला मर्यादा घालण्याची कल्पना भारतात जुनी आहे. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा दामदुपटीचा नियम. गौतम धर्मसूत्रात तो थोडक्यात येतो, मनुस्मृतीत (८.१५१) पैशासाठी दुप्पट, तर धान्य, फळे, लोकर व वाहतुकीची जनावरे यांसाठी पाचपट अशी मर्यादा आहे. मनुस्मृतीचा काळ सामान्यतः इ.स.पू. दुसरे ते इ.स. दुसरे शतक असा धरला जातो. पॅट्रिक ऑलिव्हेल तो इ.स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाकडे नेतात आणि ते मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटिश अमदानीत हा नियम मुंबई इलाख्यात आणि कलकत्ता शहरात न्यायालये लागू करत. मद्रास इलाख्यात तो सहसा मानला गेला नाही. मुंबईत मूळ ऋणको हिंदू असणे आवश्यक होते.

आजच्या मर्यादा दामदुपटीतूनच आल्या, असे म्हणण्यास आधार दिसत नाही. साम्य मात्र काही ठिकाणी ठळक आहे. मार्च २०२६ पर्यंतच्या, १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २३४ई नुसार मुळातून कापलेल्या कराचे विवरण उशिरा दिल्यास दिवसाला २०० रुपये लागत आणि एकूण शुल्क त्या कराच्या रकमेहून अधिक होत नसे. उशिरामुळे विभागावर पडणाऱ्या जादा कामाचा हा मोबदला आहे, शिक्षा नव्हे, असे धरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते वैध ठरवले. वस्तू व सेवा कराच्या कलम ४७ मध्ये मर्यादा ठोक रुपयांत आहे: मूळ तरतूद दिवसाला १०० रुपये आणि कमाल ५,००० रुपये, राज्याच्या कायद्याखाली पुन्हा तेवढेच, पुढे अधिसूचनांनी दोन्ही आकडे बहुतेकांसाठी खाली आले. या दोन्ही कलमांत सवलतीचे दिवस नाहीत.

अमेरिकन ग्रंथालय संघाने जानेवारी २०१९ मध्ये विलंब दंड हा गरीब वाचकांच्या वाटेतला अडथळा असल्याचा ठराव केला आणि त्याच वर्षी शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तो बंद केला. तेथे हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र कायम राहिली.