पाण्याचा ८० आणि पाण्याचाच १.७७

सांगलीत बी.एस्सी.च्या वर्गाला शिकवताना दरवर्षी एखादं पोरगं हे उत्तर काढतंच: पाण्याची रिलेटिव्ह परमिटिव्हिटी εᵣ ८०, तिचं वर्गमूळ म्हणजे अपवर्तनांक, तो साधारण ९, म्हणून पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला जेमतेम ३३ हजार किलोमीटर. खरा वेग सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. मी म्हणतो, कृष्णेच्या घाटावर जाऊन बघ. अपवर्तनांक ९ असता, तर नऊ फूट पाणी वरून एकच फूट दिसलं असतं. प्रत्यक्षात चार फूट तीन फुटांसारखं दिसतं, म्हणजे अपवर्तनांक १.३३.

मग सूत्र खोटं का? नाही. x दिशेने जाणाऱ्या लहरीसाठी मॅक्सवेलची दोन समीकरणं पुरतात:

∂E/∂x = −∂B/∂t
∂B/∂x = −με ∂E/∂t

पहिल्याचं x ने, दुसऱ्याचं t ने अवकलन करून B काढून टाकला की उरतं:

∂²E/∂x² = με ∂²E/∂t²

म्हणून v = 1/√(με). निर्वातात c = 1/√(μ₀ε₀), आणि n म्हणजे c/v, म्हणून n = √(εᵣμᵣ). पाणी, काच यांत μᵣ जवळजवळ १ असल्याने n = √εᵣ.

घोळ दुसऱ्या ओळीत आहे. तिथे ε बाहेर काढताना आपण गृहीत धरतो की E बदलला की पदार्थ लगेच साथ देतो. पुस्तकाच्या तक्त्यातला ८० हा कपॅसिटरमध्ये, स्थिर किंवा संथ क्षेत्रात मोजलेला असतो. तिथे पाण्याचे ध्रुवीय रेणू क्षेत्राच्या दिशेने वळतात, आणि एवढ्या मोठ्या आकड्याचं श्रेय मुख्यतः या वळण्याला. पण वळायला त्यांना सुमारे ८ पिकोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात पिवळ्या प्रकाशाचं क्षेत्र चार हजार वेळा उलटसुलट होऊन जातं! रेणू जागच्या जागी राहतात, हलतात ते फक्त इलेक्ट्रॉन. त्यांच्यापुरती εᵣ फक्त १.७७, आणि तिचं वर्गमूळ १.३३.

बेंझीनमध्ये हा पेच नाही. त्याचा रेणू ध्रुवीय नाही, वळण्याचा प्रश्नच येत नाही. कपॅसिटरमधली εᵣ २.२८, वर्गमूळ १.५१, प्रकाशाने मोजलेला अपवर्तनांक १.५०. परीक्षेत नेमकं असलंच उदाहरण येतं, म्हणून पाण्याची चूक लपून राहते.

गंमत म्हणजे पोराचं उत्तर दुसऱ्या एका लहरीला लागू पडतं. मायक्रोवेव्ह ओव्हनची लहर २.४५ गिगाहर्ट्झची, तिचं एक आवर्तन सुमारे ४०० पिकोसेकंदांचं. रेणूंना वळायला भरपूर सवड मिळते, εᵣ ७७ च्या आसपास राहते. हवेत १२ सेंटिमीटरची ती लहर पाण्यात दीड सेंटिमीटरच्याही आत येते.