नागपूरचा माठ मुंबईत गार का होत नाही?

एप्रिल लागला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माठाचं गुणगान सुरू होतं. यंदाचा निरोप असा होता: ‘माती मुळातच थंड असते, ती पाण्यातली उष्णता शोषून घेते.’ खाली रांगेनं हात जोडलेले. मी विचारलं, लोणच्याची चिनीमातीची बरणीही मातीचीच की. तिच्यात पाणी भरून ठेवलं तर गार होतं का? त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही.

शोषून घेण्याचा हिशेब साधा आहे. दहा लिटरच्या रिकाम्या माठाचं वजन तीनएक किलो. मातीला एक अंश तापायला लागणारी उष्णता तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे पाण्याला दहा अंश खाली आणायचं, तर त्यातून निघालेल्या उष्णतेनं माती भाजून निघाली असती. शिवाय रोज सकाळी पुन्हा गार होऊन तयार राहायचं, ते कुणाच्या जिवावर? उष्णता मातीत साठत नाही, ती मातीतून बाहेर जाते. कुठून येते, कुठे जाते आणि शिल्लक किती राहते, एवढा ताळेबंद मांडला की माठाचं सगळं वागणं कळतं.

आधी खर्चाची बाजू. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात. कुंभार मातीत राख, लीद किंवा भुसा कालवतात. यातलं जळण्यासारखं असतं ते आव्यात जळून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. पाणी त्यातून पाझरून माठाच्या बाहेरच्या अंगावर येतं आणि तिथून वाफ होऊन उडतं. पाण्याच्या रेणूंमध्ये जे सर्वात वेगवान, तेच शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. वेगवान निघून गेले की मागे राहिलेल्यांचा सरासरी वेग, म्हणजेच तापमान, उतरतं. यासाठी पाणी उकळावं लागत नाही. दोरीवरचे कपडे काही शंभर अंशांवर वाळत नाहीत. शाळेत 540 कॅलरी हा आकडा पाठ केलेला असतो, तो उकळत्या पाण्याचा. नेहमीच्या तापमानाला तो थोडा जास्त, 580 च्या आसपास असतो. याचा अर्थ असा की, एक ग्रॅम पाणी उडून जाताना 580 ग्रॅम पाण्याला एक अंशानं गार करू शकतं. नुसतं टपकणारं पाणी मात्र या खात्यात येत नाही. खाली पडलेला थेंब वाळतो तो फरशीवर, आणि गार होते ती फरशी.

मग माठ गार होत होत शून्यावर का जात नाही? कारण जमेची बाजूही आहे. माठ हवेपेक्षा गार झाला की हवा त्याला तापवू लागते, आणि फरक वाढेल तसतशी जास्त तापवते. जमा आणि खर्च बरोबरीत आले की पाणी त्या तापमानाला थांबतं.

नागपूरची मे महिन्यातली एक दुपार घेऊ. घरात सावलीला 40 अंश, सापेक्ष आर्द्रता 20 टक्के. या हवेतल्या बाष्पाचा दाब 14.8 मिलिबार भरतो. ओल्या पृष्ठभागाला अगदी चिकटलेली हवा बाष्पानं संपृक्त असते. तिथला बाष्पाचा दाब पृष्ठभागाच्या तापमानावर ठरतो: 36 अंशांना 59, 26 अंशांना 33.6, 22 अंशांना 26.4. या दोन दाबांतला फरक पाण्याला बाहेर ओढतो, आणि हवेच्या व माठाच्या तापमानांतला फरक उष्णतेला आत ढकलतो.

इथे निसर्गानं एक गंमत करून ठेवली आहे. बाष्प वाहून नेणारी आणि उष्णता आणून देणारी हवा एकच आहे. वारा दुप्पट जोरानं बाष्प नेऊ लागला, तर उष्णताही जवळपास दुप्पट आणतो. म्हणून जमाखर्च बरोबरीत येण्याची अट वाऱ्याच्या वेगावर अवलंबून राहत नाही, आणि ती एका ओळीत मांडता येते:

बाष्पदाबातला फरक = 0.67 × तापमानातला फरक

22 अंश घालून पाहा. डावीकडे 26.4 वजा 14.8, म्हणजे 11.6. उजवीकडे 18 चा 0.67 पट, म्हणजे 12. जवळपास जुळलं. हेच ते वेट बल्ब तापमान. हवामान खात्याच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात, त्यातल्या एकाच्या गोळ्याला ओलं मलमल गुंडाळलेलं असतं. तो हेच तापमान दाखवतो.

म्हणजे माठातलं पाणी 22 अंशांवर यायला हवं. पण खोलीत ठेवलेल्या माठात तापमापक बुडवला तर आकडा त्याहून चारेक अंश वर दिसतो. हे चार अंश मला सगळ्यात आवडतात, कारण त्यांचा गुन्हेगार हवा नाहीच.

गुन्हेगार आहेत भिंती. छप्पर, फरशी, कपाट, सगळं 40 अंशांवर आहे आणि सगळ्यातून प्रारणानं उष्णता निघतेय. डोळ्यांना ती दिसत नाही, पण थंडीच्या रात्री खिडकीच्या काचेजवळ बसलं की अंगातली ऊब तिकडे जाताना जाणवते, तोच प्रकार उलटा. मोठ्या आगीत किंवा सूर्यातच प्रारण महत्त्वाचं, असा आपला समज असतो. पण शांत हवेच्या खोलीत माठाच्या एक चौरस मीटर पृष्ठभागाला तापमानाच्या दर अंश फरकाला हवेकडून साधारण 5 वॉट मिळतात, आणि भिंतींकडून 5.7. म्हणजे भिंती हवेच्या बरोबरीनं, किंबहुना काकणभर जास्तच तापवतात. आणि हवा निदान बाष्प तरी घेऊन जाते. भिंती नुसतं देतात, नेत काहीच नाहीत.

हे जमेला धरलं की वरच्या ओळीतला 0.67 वाढून 1.4 होतो. आता 26 अंश घाला. डावीकडे 18.8, उजवीकडे 14 चा 1.4 पट, म्हणजे 19.6. ताळेबंद जुळला, 26 च्या किंचित वर. दहा लिटरच्या माठाचा पृष्ठभाग 0.22 चौरस मीटर धरला, तर हवेकडून 15 वॉट, भिंतींकडून 18, असे 33 वॉट सतत आत येतात. ते फेडायला तासाला सुमारे 50 ग्रॅम पाणी उडावं लागतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अर्धा लिटरभर पाणी कुणी न पिता कमी झालं, तर ते यात गेलं.

आता माठावर वारा येऊ द्या. माठावर झुळूक आली आणि हवेचा 5 चा आकडा 15 झाला, तर बाष्पीभवनही तिप्पट होतं, पण भिंतींचा 5.7 तिथेच राहतो. त्यांचा वाटा आक्रसतो आणि पाणी 24 अंशांपर्यंत उतरतं. म्हणून विदर्भात माठ घडवंचीवर, खिडकीच्या वाऱ्यात ठेवतात. अंग भाजणारी 40 अंशांची झुळूक लागल्यावर माठ आणखी गार होतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ती झुळूक भिंतींविरुद्ध माठाच्या बाजूनं लढत असते. ऊन मात्र थेट पडू देऊ नका. दहा लिटरच्या माठावर दुपारचं ऊन 25 ते 30 वॉट ओततं, म्हणजे आधीची जमा जवळपास दुप्पट. पाणी चार-पाच अंशांनी तापतं.

माझ्या मावशीनं एकदा हौसेनं नागपूरहून माठ मुंबईला आणला. पाणी काही गार होईना, तर फसवलं म्हणून तिनं कुंभाराच्या नावानं बोटं मोडली. कुंभार बिचारा निर्दोष होता. मुंबईची 33 अंशांची, 70 टक्के आर्द्रतेची दुपार घ्या. हवेतल्या बाष्पाचाच दाब 35 मिलिबार आहे, म्हणजे नागपूरच्या 26 अंशांच्या ओल्या माठाजवळ असतो त्याहून जास्त. अशा हवेत माठ 29 अंशांवर थांबतो. नागपूरची हवा सात अंशांनी जास्त तापलेली, तरी तिथलं पाणी मुंबईपेक्षा तीन अंशांनी गार! जूनच्या शेवटी विदर्भातले कूलर नुसती दमट हवा फेकू लागतात, त्याचंही कारण हेच.

गार व्हायला किती वेळ लागतो तेही याच हिशेबातून निघतं. टाकीतलं 36 अंशांचं पाणी माठात ओतलं, तर सुरुवातीला बाष्पीभवन जोरात आणि जमा नाममात्र. माठ चांगला भिजलेला असेल तर पहिल्या तासात तापमान चार-साडेचार अंशांनी उतरतं. पुढे वेग मंदावतो: दोन तासांनी साधारण 30, चार तासांनी 27. त्यानंतर वाट पाहून फारसं काही हाती लागत नाही. पाहुणे दारात आल्यावर माठ भरण्यात म्हणूनच अर्थ नाही.

काळा माठ लाल माठापेक्षा जास्त गार करतो, असंही सांगतात. काळा रंग येतो तो भाजताना आव्यात हवा कोंडल्यामुळे. भिंतींचं प्रारण अवरक्त असतं, आणि त्याच्यापुढे लाल-काळा भेद नाही. दोन्ही ओले माठ ते सारखंच शोषतात. एखादा काळा माठ खरंच जास्त गार करत असेल तर श्रेय त्याच्या छिद्रांचं. ‘माठाचं पाणी अल्कलाईन होतं आणि शरीरातलं आम्ल मारतं’ हे मात्र निव्वळ विक्रीचं बोलणं. जठरातला रस इतका तीव्र आम्ल असतो की पेलाभर पाण्याचा किंचित अल्कलीपणा तिथे क्षणभरही टिकत नाही.

दोन-तीन उन्हाळ्यांनी माठ गार करेनासा होतो, तेव्हा दोष बहुधा पाण्याचा असतो. पाणी उडतं, त्यातले क्षार उडत नाहीत. बोअरचं जड पाणी असेल तर ते बाहेरच्या अंगावर पांढरे फुलतात आणि छिद्रांची तोंडं बुजवतात. ओळखायची खूण हाताला लागते: भरलेल्या माठाचं बाहेरचं अंग ओलसर न लागता कोरडं लागतं, आणि रात्रभरात पाण्याची पातळी हलत नाही. खात्री करायची तर माठ भरून वजनकाट्यावर ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात दुपारभरात दोनशे ग्रॅमही घट दिसली नाही, तर छिद्रं बंद आहेत. काथ्यानं नुसतं पाणी वापरून घासलं तर थोडीफार उघडतात. साबण लावू नका, तो त्याच छिद्रांत जाऊन बसतो आणि पुढचे आठ दिवस पाण्याला वास येतो. आणि हौसेनं बाहेरून ऑईलपेंटची नक्षी काढलेला माठ घेतला असेल, तर रंगाखाली जेवढं अंग झाकलं तेवढं बाष्पीभवनाच्या कामातून बाद झालं.