शिफारसपत्रातील मोजकी स्तुती

शिफारसपत्रात उमेदवाराबद्दल वाईट असे सहसा काहीच लिहिलेले नसते. तरीही काही पत्रे वाचून निवड समिती नाव पुढे नेते आणि काही पत्रे वाचून थांबते. हात राखून केलेल्या स्तुतीतून लिहिणाऱ्याचे खरे मत ओळखणे, म्हणजे हे पत्र मनापासून दिलेले आहे की भिडेखातर, हे ठरवणे, ही समितीवरील प्राध्यापकांची एक कमावलेली विद्या आहे. या नोंदीत मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांतील पीएच.डी. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रांचा विचार केला आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक विद्यार्थी अशी पत्रे मागायला आपल्या शिक्षकांकडे जातात, आणि गैरसमजाला सर्वाधिक वाव इथेच असतो.

न लिहिलेले कसे वाचतात

या वाचनामागचा तर्क ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी उलगडून दाखवला. १९६७ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि पुढे १९७५ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या व्याख्यानात शिफारसपत्राचेच उदाहरण आहे. तत्त्वज्ञानाच्या एका जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल त्याचे शिक्षक एवढेच लिहितात, की त्याचे इंग्रजी उत्तम आहे आणि तो वर्गाला नियमित हजर असे. पत्र संपले. वाचणारा विचार करतो, की लिहायचेच नव्हते तर यांनी पत्र पाठवले नसते. मुलगा त्यांचाच विद्यार्थी, म्हणजे माहिती नाही असेही नाही. तत्त्वज्ञानातली गती विचारली आहे हे त्यांना कळते. मग ती सोडून इंग्रजी आणि हजेरी का सांगितली? जे सांगायचे आहे ते कागदावर उतरवायला त्यांचे मन होत नाही म्हणून. म्हणजे मुलाला तत्त्वज्ञानात गती नाही.

आपल्याकडे हा तर्क कुणाला शिकवावा लागत नाही. मुलाच्या स्थळाची चौकशी करायला गेल्यावर शेजारी ‘घराणं चांगलं आहे हो, वडील तर देवमाणूस’ एवढेच म्हणाले आणि मुलाविषयी गप्प राहिले, तर ऐकणारा घरी येऊन काय सांगतो ते सर्वांना माहीत आहे. पत्रात प्रत्येक वाक्य खरे आणि चांगले असू शकते. निर्णय होतो तो विचारलेल्या गोष्टीबद्दल किती सांगितले यावर.

एका विद्यार्थिनीची दोन पत्रे

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पदार्थविज्ञानातील एक विद्यार्थिनी पीएच.डी.साठी अर्ज करते. तिच्या विभागप्रमुखांचे पत्र असे आहे: ‘ही विद्यार्थिनी गेली चार वर्षे आमच्या महाविद्यालयात आहे. ती प्रामाणिक, कष्टाळू व वक्तशीर आहे. माझ्या विषयात तिला प्रथम श्रेणी मिळाली. सोपवलेले प्रत्येक काम तिने वेळेत पूर्ण केले. तिचे वर्तन अनुकरणीय आहे. आपल्या विभागाला ती निश्चितच उपयोगी ठरेल.’

दुसरे पत्र प्रकल्पाच्या मार्गदर्शकांचे आहे: ‘ती आठ महिने माझ्या प्रयोगशाळेत होती. पातळ थरांच्या विद्युत्रोधाची आमची मोजमापे रोज दुपारनंतर सरकत. मी दोष उपकरणावर ढकलला होता. तिने न सांगता तीन आठवडे खोलीच्या तापमानाची नोंद ठेवली आणि नमुना धरणारी पकड उष्णतेने सैल होते हे दाखवून दिले. तिने बदललेली पकड आम्ही आजही वापरतो. तिचे लेखन अजून कच्चे आहे, पहिला मसुदा मला दोनदा परत करावा लागला. गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे सुमारे तीस विद्यार्थ्यांनी प्रकल्प केला, त्यांतील पहिल्या तिघांत मी तिला ठेवीन. माझ्याकडे पीएच.डी.ची जागा असती तर मी तिला जाऊ दिले नसते.’

विशेषणे मोजली तर पहिले पत्र जिंकते. दुसऱ्यात स्तुतीचे विशेषण जवळजवळ नाही, उलट एक उणीव स्पष्ट लिहिली आहे. समितीला मात्र दुसरे पत्र भक्कम वाटते. संशोधनाला लागणारा गुण, म्हणजे न सांगता प्रश्न ओळखून त्याचा छडा लावणे, त्या पत्रात घडलेल्या प्रसंगातून समोर येतो. हा प्रसंग तिला जवळून पाहिलेल्या माणसालाच सांगता येतो आणि दुसऱ्या कुणाच्या पत्रात तो चिकटवता येत नाही. पहिल्या पत्रातले नाव बदलले तर ते वर्गातल्या चाळीस जणांना चालेल.

दुसऱ्या पत्रातली तुलनाही पाहावी. ‘पहिल्या तिघांत’ याला वजन येते ते ‘दहा वर्षांतील तीस’ हा गट सांगितल्यामुळे. गट न सांगता केलेली तुलना पोकळ असते, आणि गट लहान करत नेलेली तुलना सावध करते. ‘या वर्षीच्या माझ्या गटातील सर्वोत्तम’ असे लिहिले आणि गट चौघांचा असेल, तर लिहिणाऱ्याने मोठ्या गटाचे नाव टाळले आहे असे अनुभवी वाचक धरतात. अमेरिकी अर्जांत पत्रासोबत बहुधा एक तक्ताही भरायचा असतो. त्यात उमेदवार वरच्या दोन, पाच, दहा की पंचवीस टक्क्यांत बसतो ते विचारलेले असते. पत्रात ‘असामान्य’ आणि तक्त्यात ‘वरचे पंचवीस टक्के’ असे आले, तर वाचक तक्त्यावर विश्वास ठेवतो.

उणीव सांगण्यातही फरक असतो. लेखन कच्चे आहे ही सुधारण्याजोगी आणि नेमकी उणीव आहे, आणि ती सांगितल्यामुळे बाकीच्या स्तुतीवरचा विश्वास वाढतो. ‘योग्य मार्गदर्शन मिळाल्यास चांगले काम करू शकेल’ हे वाक्य कानाला गोड लागते. त्याचा अर्थ मात्र असा घेतला जातो, की एकट्याने सोडले तर काम होत नाही.

शेवटचे वाक्य वाचक पुन्हा एकदा वाचतात, कारण अमेरिकी पत्रांत तिथे एक उतरंड रूढ आहे. नुसते ‘आय रेकमेंड’ हे जवळजवळ नकारासारखे वाचले जाते. ‘स्ट्राँगली’ किंवा ‘हायली’ जोडले की ते नेहमीचे होते. त्यापुढे ‘विदाउट रिझर्व्हेशन’, म्हणजे मनात कोणतीही शंका न ठेवता, असे लिहिले तर ते ठाम. ‘अधिक माहिती हवी असल्यास फोन करावा’ हे बहुतेक वेळा सौजन्य असते. पत्र आखडते असताना ते आले, तर जे लिहिले नाही ते बोलण्याची तयारी आहे असाही अर्थ निघतो, आणि समितीतले कुणी खरोखर फोन लावते.

कुठे चुकते

वरील वाचन लिहिणाऱ्याची सवय ओळखली नाही तर साफ चुकते, आणि मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते वारंवार चुकते असे मला वाटते. पहिल्या पत्रातले विभागप्रमुख कदाचित त्या मुलीवर अतिशय खूश असतील. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे रकाने असतात आणि त्यांत ‘चांगली’ असे लिहिलेले असते. त्याच वळणाने प्रामाणिक, आज्ञाधारक, वक्तशीर ही आपल्याकडे मानाची विशेषणे आहेत. तीच परदेशी समितीच्या हातात पडली की ग्राइसच्या उदाहरणातील इंग्रजी आणि हजेरी होतात. ‘आज्ञाधारक’ तर संशोधनात उलटच लागते. त्यातच अनेक ठिकाणी मसुदा विद्यार्थ्यालाच लिहून आणायला सांगतात आणि सर त्यावर सही करतात. मग अर्जासोबतच्या तिन्ही पत्रांत एकच वाक्यरचना दिसते आणि चांगल्या विद्यार्थ्यावरही संशय येतो.

ब्रिटिश लिहिणाऱ्यांची मोजपट्टी आणखी वेगळी. ‘क्वाइट गुड’ हे अमेरिकी कानाला ‘खूपच चांगले’ वाटते, ब्रिटिश माणूस तेच ‘ठीक, बऱ्यापैकी’ या अर्थाने लिहितो. उलट त्याचे ‘सक्षम’ हे कोरडे विशेषण कधीकधी खरी दाद असते. म्हणून समितीकडे त्याच प्राध्यापकाची जुनी पत्रे असतील तर ती शेजारी ठेवली जातात. वर्षाकाठी पाच जणांना ‘दशकातला सर्वोत्तम’ म्हणणाऱ्याचा शब्द आपोआप उतरतो, आणि कधीच न भारावणाऱ्याने ‘मला त्याच्याकडून शिकायला मिळाले’ असे लिहिले तर ते उचलून धरले जाते.

जर्मनीत नोकरी सोडताना मिळणाऱ्या प्रमाणपत्रात ही अनिश्चितता बरीच कमी आहे. तिथे मजकूर कर्मचाऱ्याच्या हाती पडतो आणि तो खरा पण सद्भावनेचा असावा लागतो. त्यामुळे ठरीव वाक्येच श्रेणीसारखी झाली आहेत. ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानास उतरले’ ही दुसरी श्रेणी, त्यातले ‘नेहमीच’ गेले की तिसरी, ‘पूर्ण’ही गेले की चौथी. ‘काम करण्याचा प्रयत्न केला’ म्हणजे जमले नाही. तिथे काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांनी हातात आलेला कागद याच क्रमाने वाचावा.

लांबीवरूनही फसगत होते. सर्वसाधारणपणे चार ओळींचे पत्र म्हणजे लिहिणाऱ्याकडे सांगायला काही नाही. पण १९४८ मध्ये कार्नेगी तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाला, पुढे विख्यात गणितज्ञ झालेल्या जॉन नॅशबद्दल लिहिलेले पत्र अवघ्या काही वाक्यांचे होते. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, जूनमध्ये पदवीधर होईल आणि तो गणितातला प्रतिभावंत आहे, एवढाच त्याचा आशय. इथे आखडतेपणा नव्हता, कारण विचारलेल्या एका गोष्टीचे उत्तर पूर्ण दिले होते. पत्राची लांबी उमेदवार स्त्री की पुरुष यावरही अवलंबून असू शकते. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातील तीनशेहून अधिक पत्रे तपासली, तेव्हा स्त्रियांची पत्रे सरासरीने आखूड आणि शंका निर्माण करणाऱ्या वाक्यांनी अधिक भरलेली आढळली. स्त्री उमेदवाराच्या पत्रात संशोधनाऐवजी कष्टाळूपणाच दिसला, तर तो दोष तिचा की लिहिणाऱ्याच्या नजरेचा, हे समितीने इतर दोन पत्रांशी ताडून पाहिले पाहिजे.

पत्र मागताना

अमेरिकेतील १९७४ च्या एका कायद्यानुसार प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदीतील पत्रे पाहता येतात, पण अर्ज करतानाच तो हा हक्क सोडू शकतो. हक्क सोडलेला असेल तर पत्र मोकळेपणाने लिहिले आहे असे समिती धरते, म्हणून बहुतेक जण तो सोडतात. साहजिकच मिळमिळीत पत्र गेले तरी विद्यार्थ्याला ते कळत नाही. ओळखण्याची संधी त्याआधीच, पत्र मागतानाच असते. ‘सर, पत्र द्याल का?’ याला ‘हो’ म्हणणे सगळ्यांना सोपे जाते. ‘सर, माझ्या प्रकल्पाबद्दल तुम्हाला ठामपणे लिहिता येईल का?’ असे विचारल्यावर सर क्षणभर थांबले, ‘बघू, तुझे गुण पाठवून ठेव’ म्हणाले, तर त्यांच्या मनात सांगण्याजोगा प्रसंग नाही. त्याच प्रश्नावर ‘ती पकडीची गोष्ट लिहितो, त्या नोंदवहीतली पाने तेवढी मला पाठव’ असे उत्तर आले, तर पत्र चांगले होणार आहे.