फोटोवरून पोस्टाच्या तिकिटाचा काळ आणि छपाई ओळखणे (नकाशा मालिका, १९५७)

तिकीट हातात नाही, फक्त फोटो आहे, आणि त्यावरून ते कधीचं, कसं छापलेलं हे सांगायचं, म्हणजे या नोंदीचा विषय. स्मरणार्थ काढलेल्या तिकिटात हा प्रश्न फारसा येत नाही, कारण चित्रच तारीख सांगतं. सोलापूरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चीनचं तिकीट १९८२ चं आणि भारताचं १९९३ चं, दोन्हींचा फोटो बघितला की काम संपलं. खरी डोकेदुखी रोजच्या वापराच्या तिकिटांची, ज्यांना डेफिनिटिव्ह म्हणतात. तीच डिझाईन वर्षानुवर्षं छापली जाते, मधेच कागद बदलतो आणि चित्रावर त्याचा पत्ताही लागत नाही. भारताची नकाशावाली मालिका याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे म्हणून इथे तीच धरलीय.

ही मालिका १ एप्रिल १९५७ ला आली, म्हणजे दशमान नाणी सुरू झाली त्याच दिवशी. तोवर रुपयाचे सोळा आणे होते, त्या दिवसापासून शंभर नये पैसे झाले, आणि सगळी तिकिटं नव्या किमतीत लागणार होती म्हणून भारताच्या नकाशाचं एकच सोपं डिझाईन घेऊन वेगवेगळ्या रंगात वेगवेगळ्या किमती छापल्या. १३ नये पैसे असली विचित्र किंमत दिसली तर गोंधळू नका, जुने दोन आणे म्हणजे साडेबारा पैसे, त्याच्या जवळचा आकडा तो. तर फोटोत नकाशा आणि नव्या पैशातली किंमत दिसली की खालची मर्यादा पक्की, १ एप्रिल १९५७ च्या आधीचं ते असूच शकत नाही. वरची मर्यादा मात्र डिझाईन देत नाही, कारण ही तिकिटं साठच्या दशकातही छापत होते.

छपाई कशी ओळखायची

मालिका नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये फोटोग्रॅव्हुर पद्धतीने छापलेली आहे. या प्रेसने फोटोग्रॅव्हुरची पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १९५२ ला दिली, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची. त्याआधीच्या १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतली लहान किमतीची तिकिटं टायपोग्राफीने छापलेली, म्हणजे उठलेल्या ठशाला शाई लावून कागदावर दाबलेली. दोन्हीतला फरक समजायला जुनी ट्रेडल मशीनवर छापलेली लग्नपत्रिका आठवा, अक्षराच्या कडेला शाई दबून बाहेर सरकते आणि तिथे गडद रेघ बनते, मधे जरा फिकं राहतं. टायपोग्राफीच्या तिकिटात नेमकं तेच दिसतं.

फोटोग्रॅव्हुरमध्ये उलटं आहे. सिलिंडरवर बारीक बारीक खळगे असतात, शाई त्यात भरते, वरची पुसली जाते आणि खळग्यातली कागदावर उतरते. या खळग्यांची जाळी पूर्ण डिझाईनवर असते, अक्षरांवरसुद्धा, म्हणून मोठं करून बघितलं की अक्षराची कड सरळ न दिसता करवतीच्या दात्यांसारखी दिसते. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे. ऑफसेट लिथोत कडेला ना गडद रेघ ना असा करवती काठ, रंग सपाट बसलेला असतो.

आता अडचण अशी की जाळीचा एक ठिपका साधारण ०.१ मिलिमीटरचा. ३०० डीपीआय स्कॅनमध्ये एक पिक्सेल जवळजवळ ०.०८५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे ठिपका आणि पिक्सेल एकाच मापाचे, मग दिसणार काय डोंबल. १२०० डीपीआय केलं तर एका ठिपक्याला चारपाच पिक्सेल मिळतात आणि करवती काठ स्पष्ट दिसतो. त्यात व्हॉट्सॅपवर आलेला फोटो असेल तर अजून एक फसवणूक असते, जेपेग फाईल चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबते आणि तेच चौकोन झूम केल्यावर छपाईची जाळी वाटतात. ओळखायचं कसं, तर तिकिटाच्या बाहेर पाकिटाच्या कोऱ्या कागदावर बघा, तिथेही तसेच चौकोन दिसले तर ती जाळी तिकिटाची नाही, फाईलची आहे. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

दाते मोजणं, आणि तिथेच होणारी चूक

परफोरेशन म्हणजे तिकिटाच्या कडेची छिद्रं, आणि त्याचं माप म्हणजे २ सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं. आडवं माप आधी सांगतात, उभं नंतर, नकाशा मालिकेचं माप १४ × १४½ असं आहे. फोटोवरून काढायला तिकिटाशेजारी पट्टी ठेवलेली हवी. पहिल्या छिद्राच्या मध्यापासून अकराव्या छिद्राच्या मध्यापर्यंत दहा अंतरं होतात (अकरा छिद्रं मोजून अकरानेच गुणणारे खूप भेटतात, ती चूक पहिली). मग सूत्र साधं आहे:

अंतरांची संख्या × २० ÷ लांबी मिलिमीटरमध्ये

इथे एक खरी केस घेतो, सोलापूरच्या नवी पेठेतल्या ओळखीच्या चादरवाल्या काकांच्या पेटीतलं पाकीट. त्यावर ५ नये पैशाचं हिरवं नकाशाचं तिकीट, शिक्क्यावर इंग्रजीत शहराचं जुनं स्पेलिंग, एस नंतर एच वालं 'शोलापूर', आणि वर्ष ५९. काकांनी टेबलावर पाकीट ठेवून खाली पट्टी लावून फोटो काढला. पट्टीवर २० मिलिमीटरचे ८०० पिक्सेल भरले, म्हणजे मिलिमीटरला ४० पिक्सेल. खालच्या कडेला दहा अंतरं ५७१ पिक्सेल आली, म्हणजे १४.२८ मिलिमीटर, सूत्रात टाकलं की १४.० येतं. एकदम बरोबर. डाव्या कडेला दहा अंतरं ५३३ पिक्सेल आली, म्हणजे १३.३३ मिलिमीटर, आणि उत्तर आलं १५. मी लगेच काकांना फोन करून सांगितलं की काका हे काहीतरी वेगळं परफोरेशन दिसतंय, जपून ठेवा, आणि रात्री झोपताना लक्षात आलं की आपण मूर्खपणा केला.

झालं असं की फोन तिकिटाच्या बरोबर वर नव्हता, काका खुर्चीत बसून तिरका धरून फोटो काढत होते. कॅमेरा १५ अंश कलला की त्या दिशेची लांबी ०.९६६ पट दिसते, म्हणजे साधारण साडेतीन टक्के कमी. आणि १४ व १४½ मधला फरकही नेमका साडेतीन टक्क्यांचाच आहे. १५ अंश म्हणजे काही फार नाही, आपण सगळे सहज तेवढा फोन कलता धरतो, पण परफोरेशन अर्ध्याने सरकवायला तेवढं पुरतं. आडव्या कडेला चूक झाली नाही कारण पट्टी तिच्याच दिशेने ठेवलेली होती आणि त्या दिशेला कल नव्हता. उभ्या कडेला मात्र पट्टी नव्हती, आडव्या पट्टीचे ४० पिक्सेल तिला लावले, तिथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी काकांनी पाकीट जमिनीवर ठेवून उभं राहून सरळ वरून फोटो काढला, या वेळी उभीही पट्टी लावली. मिलिमीटरला तेच ४० पिक्सेल, डावीकडे ५५१ पिक्सेल, म्हणजे १३.७८ मिलिमीटर, १४.५. वेगळं परफोरेशन वगैरे काही नव्हतं.

म्हणून नियम एवढाच की पट्टी दोन्ही कडांना लावा. आपल्या सोलापूरात कापडवाल्यांकडे धागे मोजायची पिक ग्लास असते, एक इंचाची चौकट आणि कडेला खुणा, ती तिकिटावर ठेवून भिंग बाजूला करून फोटो काढला तर पट्टीचं काम चांगलं होतं. भिंगातून मात्र मोजू नका, कडेला चित्र वाकतं. जाळी बघायला तेच भिंग उत्तम.

फोटो जे सांगू शकत नाही

नकाशा मालिकेत खरा काळ वॉटरमार्कमध्ये आहे. १९५७ मध्ये छापलेल्या तिकिटांचा कागद जुना, ब्रिटिश काळापासून चालत आलेला, त्यात अनेक ताऱ्यांचं जलचिन्ह. १९५८ पासून अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाचं जलचिन्ह असलेला कागद आला. डिझाईन तेच, छपाई तीच, परफोरेशनही तेच १४ × १४½, त्यामुळे समोरून काढलेल्या कितीही चांगल्या फोटोत हा फरक दिसत नाही. जो कोणी समोरचा फोटो बघून छातीठोकपणे सांगतो की हे ताऱ्याचं आहे, तो अंदाजावर बोलतोय.

शिक्का मात्र मदत करतो, पण एकाच दिशेने. शिक्क्यावर १९५७ असेल तर प्रश्न संपला, अशोकस्तंभ तोवर आलाच नव्हता, तारेच असणार. १९५९ असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पोस्टात जुना साठा पडून असतो आणि ताऱ्यांचं तिकीट दोन वर्षांनीही लागू शकतं. काकांच्या पाकिटावर ५९ आहे.

सुटं तिकीट असतं तर मागची बाजू काळ्या फरशीवर ठेवून तिरक्या उजेडात फोटो मागवला असता, कधी कधी तेवढ्याने चिन्ह दिसतं. बेन्झिनचे थेंब टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, पण फोटोग्रॅव्हुरच्या शाईला बेन्झिन त्रास देतं, रंग उतरू शकतो, म्हणून या मालिकेवर ते टाळलेलं बरं. इथे तिकीट पाकिटावर चिकटलेलं आहे. पाकीट उघडून आत टॉर्च धरून बघितलं, कागद जाड आहे, काही दिसलं नाही. पाण्यात टाकून सोडवलं तर जलचिन्ह कळेल, पण शिक्क्यासकट पूर्ण पाकीट सुट्या तिकिटापेक्षा बहुतेक वेळा जास्त मोलाचं, तेव्हा तसं करायला काकांना मना केलं.

काकांच्या वहीत नोंद अशी गेली: नकाशा मालिका, ५ नये पैसे, हिरवं, नाशिक, फोटोग्रॅव्हुर, परफोरेशन १४ × १४½, १ एप्रिल १९५७ ते १९५९ मधलं, शिक्का शोलापूर १९५९, वॉटरमार्क बघितलेला नाही.